पानांवरच्या गाठी आणि पानांतली भुयारे
(कृषी अधिकाऱ्यांना लिहिलेले एक पत्र)

रत्नागिरी तालुक्यात आमचे गाव आहे. गावात हापूसच्या बागा आहेत. वरकस जमिनीत काजूची कलमे आहेत. आमच्या शेजारी एक बागायतदार राहतात. ते आमच्याच साक्षरता वर्गात लिहायला शिकले. एके दिवशी संध्याकाळी ते हातात दोन पाने घेऊन आमच्या ओटीवर आले. एक पान आंब्याचे होते, एक काजूचे.

आंब्याच्या पानावर मसुराएवढ्या गाठी होत्या. जणू पानाला चामखिळी आल्या होत्या. काजूच्या पानावर पांढरट, वाकड्यातिकड्या रेषा होत्या. त्या पुढे रुंद होऊन फोडासारख्या फुगल्या होत्या.

ते म्हणाले, "गुरुजी, झाडांवर रोग पडलाय. दुकानदार सांगतो, दोन औषधा एकत्र करून मारा. सगळ्या बागेला मारायचा म्हणजे पैसे किती जातील! मी साहेबांना पत्र लिवलंन, पण उत्तर धड मिळाला नाय."

आम्ही विचारले, "पत्रात काय लिहिलंत?"

त्यांनी कच्चा कागद दाखवला. त्यावर एवढेच होते: "साहेब, माझ्या बागेवर रोग पडला आहे. फोटो सोबत जोडला आहे. औषध कळवावे."

फोटो आम्ही पाहिला. दुपारच्या उन्हात लांबून काढलेला. त्यात एक हिरवे झाड दिसत होते. गाठ दिसत नव्हती, भुयारही दिसत नव्हते. झाड आंब्याचे की काजूचे, हेसुद्धा नीट कळत नव्हते. अशा पत्राला अधिकारी काय उत्तर देणार? वैद्याकडे जाऊन "दुखतंय, औषध द्या" एवढेच म्हणावे, आणि कुठे दुखते ते सांगू नये, तसे हे झाले.

मग आम्ही दोघांनी मिळून दुसरे पत्र लिहायचे ठरवले. पण लिहिण्याआधी बागेत जावे लागले.

फोटो कसे काढले

सकाळी आठ वाजता आम्ही बागेत गेलो. त्यांचा मुलगा मोबाईल घेऊन बरोबर होता. ऊन कोवळे असले म्हणजे पानावर चकाकी येत नाही. म्हणून सकाळची वेळ निवडली.

प्रत्येक जागेचे फोटो तीन पायऱ्यांनी काढले. पहिला लांबून, म्हणजे झाड कोणते आणि रोग झाडाच्या कोणत्या बाजूला आहे ते कळते. दुसरा फांदीचा, म्हणजे कोवळी पाने बिघडली आहेत की जून पाने, ते दिसते. तिसरा एका पानाचा, अगदी जवळून. पानाच्या शेजारी एक रुपयाचे नाणे ठेवले. नाणे सगळ्यांच्या ओळखीचे असते. त्यावरून गाठ केवढी आहे ते पाहणाऱ्याला लगेच कळते.

पानाला दोन अंगे असतात. वरच्या अंगाचा फोटो काढला, पान उलटे करून खालच्या अंगाचाही काढला. आंब्याच्या पानावर गाठी करणाऱ्या माश्यांच्या अनेक जाती आहेत. कुणाची गाठ वर उठते, कुणाची खाली, कुणाची दोन्हीकडे. म्हणून दोन्ही अंगे दाखवावी लागतात.

एक युक्ती आम्ही सांगितली. कागदाच्या लहान चिठ्ठ्यांवर 1, 2, 3 असे आकडे मोठे लिहिले. फोटो काढताना ती चिठ्ठी पानाशेजारी ठेवली. त्यामुळे पत्रातला "फोटो क्रमांक 3" कोणता, याची चुकामूक होण्याची सोय उरली नाही. पुढे मुलाने शहरातून ते फोटो कागदावर छापून आणले.

फोटोत न दिसणाऱ्या गोष्टी

फोटो डोळ्यांचे काम करतो. पण हाताचे काम फोटो करीत नाही. ते आपणच करून पत्रात लिहायचे.

आंब्याच्या पानावरची गाठ नखाने खरवडून पाहिली. ती सुटून आली नाही. हे महत्त्वाचे आहे. पानाला चिकटून बसणारी खवले कीडसुद्धा उंचवट्यासारखी दिसते. पण ती नखाने सुटते. गाठ मात्र पानाच्याच मासाची असते. ती सुटत नाही.

मग ब्लेडने गाठ आडवी कापली. एकूण 10 गाठी कापल्या. 3 गाठींत बारीक, पिवळसर अळी होती. 7 गाठी रिकाम्या होत्या. रिकाम्या गाठींवर टाचणीने टोचावे तसे छिद्र होते.

नंतर काजूचे पान देठाला धरून आकाशाकडे केले. उजेड पानातून आरपार आला. भुयाराच्या रुंद टोकाशी काही पानांत एक लालसर ठिपका दिसला. तो ठिपका हळूच हलला. ती जिवंत अळी होती. काही पानांत भुयार वाळून तपकिरी झाले होते. त्यात कोणी नव्हते.

शेवटी मोजणी केली. "पुष्कळ" हा शब्द पत्रात उपयोगाचा नाही. एकाचे पुष्कळ म्हणजे दहा, दुसऱ्याचे पुष्कळ म्हणजे हजार. म्हणून झाडे मोजली, पाने मोजली आणि आकडे वहीत लिहिले.

एका गोष्टीवर मात्र बागायतदार अडले. आम्ही विचारले, "आतापर्यंत काही फवारलंत का?" ते गप्प बसले. मग म्हणाले, "मारलाय एकदा. शेजाऱ्याकडची उरलेली बाटली होती. चिट्टी फाटलेली. ता लिवायचा कशाला? साहेब रागावतील."

आम्ही म्हटले, "रागावले तरी चालतील. पण लपवलंत तर ते सल्ला चुकीचा देतील."

त्यांनी लिहिले. ते पत्र असे:

ता. 9 नोव्हेंबर 2023

प्रति,
मा. तालुका कृषी अधिकारी,
रत्नागिरी.

विषय: आंब्याच्या पानांवरील गाठी व काजूच्या पानांतील भुयारे यांबद्दल सल्ला मिळणेबाबत.

महोदय,

सादर नमस्कार. माझ्या बागेत हापूसची 40 कलमे आहेत. ती 15 ते 20 वर्षांची आहेत. शिवाय वेंगुर्ला-4 जातीची 30 काजू कलमे आहेत. ती 2 वर्षांची आहेत. सोबत 6 फोटो जोडले आहेत. प्रत्येकावर क्रमांक आहे.

फोटो 1: आंब्याचे झाड. हे ओढ्याच्या बाजूला, सावलीत आहे. 40 पैकी 6 झाडांवर गाठी आहेत. सहाही झाडे ओढ्याकडचीच आहेत. गाठी खालच्या फांद्यांवर जास्त आहेत.

फोटो 2: आंब्याची फांदी. गाठी जून, हिरव्या पानांवर आहेत. शेंड्याला नवी पालवी सध्या नाही.

फोटो 3: आंब्याचे एक पान, वरचे व खालचे अंग. शेजारी एक रुपयाचे नाणे आहे. गाठ मसुराएवढी आहे. ती दोन्ही अंगांना दिसते. जास्त बिघडलेल्या पानावर 20 ते 40 गाठी आहेत. गाठ नखाने सुटत नाही. 10 गाठी कापल्या. 3 गाठींत पिवळसर अळी होती. 7 रिकाम्या होत्या व त्यांना छिद्र होते.

फोटो 4: काजूचे कलम. 30 पैकी 18 कलमांवर भुयारे आहेत. पालवी नवी, लालसर आहे.

फोटो 5: काजूचे पान, नाण्यासह. भुयार सुरुवातीला दोऱ्यासारखे बारीक आहे. पुढे ते रुंद होऊन पांढरट फोड झाला आहे. 5 कलमांची प्रत्येकी 10 कोवळी पाने पाहिली. 50 पैकी 17 पानांत भुयारे होती. त्या 17 पैकी 11 पानांत अळी जिवंत होती.

फोटो 6: काजूचे जुने पान. भुयाराची जागा वाळून गळाली आहे. तेथे मोठे भोक पडले आहे.

भुयारे मला ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात प्रथम दिसली. आंब्यावरच्या गाठी केव्हा आल्या ते मला माहीत नाही. 20 ऑक्टोबरला मी आंब्याच्या त्या 6 झाडांवर एकदा औषध फवारले. बाटलीवरची चिठ्ठी फाटलेली होती. त्यामुळे औषधाचे नाव सांगता येत नाही. त्याचा उपयोग झालेला दिसत नाही.

माझे प्रश्न तीन आहेत.
1. या दोन्ही किडी एकच आहेत की वेगळ्या?
2. आंब्यावर आता फवारणी करावी की नाही?
3. काजूच्या लहान कलमांसाठी काय करावे?

गाठी व भुयारे असलेली पाने कागदात गुंडाळून सोबत दिली आहेत. आपण बाग पाहण्यास आलात तर उपकार होतील.

आपला नम्र,
(सही, संपूर्ण नाव, गाव, मोबाईल क्रमांक)

अधिकाऱ्यांनी पत्र कसे वाचले

चार दिवसांनी कृषी खात्याचे साहेब स्वतः बागेत आले. पत्र त्यांच्या हातात होते. ते म्हणाले, "निम्मं काम पत्रानंच केलंय." मग त्यांनी आम्हांला समजावले.

पहिला प्रश्न. किडी दोन आहेत आणि त्यांचा काही संबंध नाही. आंब्याच्या गाठी मिजमाशीमुळे येतात. ही माशी चिलटाएवढी असते. ती कोवळ्या पानावर अंडी घालते. अंड्यातून निघालेली अळी पानात शिरते. अळीमुळे त्या जागी पानाचे मांस वाढते आणि अळीभोवती गाठ तयार होते. गाठ हेच तिचे घर आणि तेच तिचे अन्न. अळी आतच वाढते, आतच कोषात जाते. शेवटी माशी होऊन छिद्रातून बाहेर पडते. आंब्याच्या मोहोरावर आणखी एक मिजमाशी येते. तिची अळी मात्र कोषात जाण्यासाठी जमिनीत उतरते. नावे सारखी असली तरी दोघींची घरे वेगळी आहेत.

काजूची कीड म्हणजे पाने पोखरणारी अळी. तिची आई एक अगदी लहान, करड्या रंगाचा पतंग असते. अळी पानाच्या वरच्या पापुद्र्याखाली शिरते आणि आतले हिरवे खात पुढे सरकते. म्हणून भुयार सुरुवातीला बारीक असते. अळी वाढते तसे भुयार रुंद होते. पूर्ण वाढलेली अळी लालसर दिसते. ती पानातून बाहेर पडते, खाली मातीत उतरते आणि तेथे कोषात जाते. अंड्यापासून पतंगापर्यंत साधारण तीन आठवडे लागतात. कागदी लिंबाच्या पानावर नागमोडी, चंदेरी रेषा दिसतात. तीसुद्धा पाने पोखरणारी अळी, पण जात वेगळी. तिचा कोष पानाच्या दुमडलेल्या कडेत असतो.

दुसरा प्रश्न. आंब्यावर आता फवारू नये. साहेबांनी पत्रातल्या दोन ओळींवर बोट ठेवले. "7 गाठी रिकाम्या होत्या." म्हणजे बहुतेक माश्या उडून गेल्या. रिकाम्या घरावर औषध मारून काय होणार? ज्या 3 गाठींत अळी आहे, ती गाठीच्या भिंतीआड आहे. वरून मारलेले औषध बहुधा तिच्यापर्यंत पोचत नाही. दुसरी ओळ: "नवी पालवी सध्या नाही." माशीला अंडी घालायला कोवळे पान लागते. जून पानावर तिचे काही चालत नाही. 20 ऑक्टोबरची फवारणी वाया का गेली, त्याचे उत्तर याच दोन ओळींत आहे.

शिवाय काही छिद्रे मिजमाशीची नसतात. गाठीतल्या अळीवर जगणाऱ्या बारीक गांधीलमाश्या असतात. त्या आपल्या मित्र आहेत. सरसकट फवारले तर त्याच आधी मरतात. लवकरच मोहोर येईल. तेव्हा परागीकरण करणाऱ्या माश्या बागेत हव्यात.

मोठे झाड थोड्या गाठींनी मरत नाही. पण पानभर गाठी झाल्या तर पान गळते. फुटलेल्या गाठींच्या जागी करपा रोग शिरू शकतो. म्हणून खूप गाठी असलेली खालच्या फांद्यांची पाने काढून जाळावीत. खालची पडलेली पाने गोळा करावीत. दाट फांद्या विरळ कराव्यात, म्हणजे ऊन-वारा खेळेल. आणि पुढची पालवी तांबूस असताना तिच्यावर लक्ष ठेवावे.

तिसरा प्रश्न. काजूची गोष्ट उलटी आहे. 17 पैकी 11 पानांत अळी जिवंत आहे, पालवी कोवळी आहे, आणि कलमे फक्त दोन वर्षांची आहेत. लहान कलमाला पाने थोडी. ती गेली तर वाढ खुंटते. म्हणून इथे थांबू नये. भुयारे असलेली पाने आजच खुडावीत.

खुडलेली पाने झाडाखाली टाकायची नाहीत. अळी पानातून निघून तिथेच मातीत शिरेल आणि पतंग होऊन पुन्हा वर येईल. पाने पिशवीत भरून तोंड बांधावे आणि मग जाळावीत. नव्या पालवीवर पुन्हा भुयारे दिसली तर फवारणी करावी. तीही त्या कलमांपुरतीच.

औषधाचे नाव साहेबांनी चिठ्ठीवर लिहून दिले. ते आम्ही येथे देत नाही. शिफारशी बदलतात. कालचे औषध आज बंद झालेले असू शकते. केरळातील कासरगोड जिल्ह्यात काजूच्या बागांवर कित्येक वर्षे हेलिकॉप्टरमधून एंडोसल्फान फवारले. तेथील लोकांना गंभीर आजार जडल्याच्या तक्रारी झाल्या. 2011 साली सर्वोच्च न्यायालयाने देशभर त्या औषधावर बंदी घातली. म्हणून डब्यावर आपल्या पिकाचे आणि किडीचे नाव आहे का ते आधी वाचावे. आता आपल्याला वाचता येते. चिठ्ठी फाटलेली बाटली मात्र कधीच वापरू नये.

पुढे काय झाले

बागायतदारांनी आंब्यावर फवारले नाही. सगळ्या बागेच्या औषधाचे पैसे वाचले. काजूची पाने त्यांनी आणि घरच्या मंडळींनी दोन दिवसांत खुडली. पुढची पालवी आल्यावर चिठ्ठीतले औषध एकदा फवारले. मग पुन्हा 50 पाने मोजली. या वेळी भुयारे 4 पानांत होती.

आंब्याच्या गाठी मात्र तशाच आहेत. त्या कधी बऱ्या होत नाहीत. पान असेपर्यंत गाठ राहते. म्हणून उपाय लागू पडला की नाही हे जुन्या पानावर पाहू नये, नव्या पालवीवर पाहावे. बागायतदारांना हे पटायला वेळ लागला. ते अजून रोज सकाळी ओढ्याकडच्या झाडाखाली उभे राहतात आणि पालवी उलटी करून पाहतात.

शब्दांचे अर्थ

पालवी: झाडाला फुटलेली नवी, कोवळी पाने.
कोष: अळी माशी किंवा पतंग होण्याआधी ज्या अवस्थेत स्वस्थ पडून राहते ती अवस्था.
पापुद्रा: पातळ साल.
करपा: पानावर व मोहोरावर काळे डाग पाडणारा बुरशीचा रोग.
शिफारस: जाणत्याने दिलेला सल्ला.

प्रश्न

1. गाठ आणि खवले कीड यांतला फरक हाताने कसा ओळखाल?
2. काजूच्या पानातली अळी जिवंत आहे हे कसे पाहाल?
3. खुडलेली पाने झाडाखाली का टाकू नयेत?
4. पत्रातली कोणती ओळ लिहायला बागायतदार कचरत होते? ती लिहिली नसती तर काय झाले असते?
5. आपल्या परसातल्या एका झाडाचे बिघडलेले पान पाहा. मोजा, कापा, उजेडाकडे धरा. मग कृषी अधिकाऱ्यांना पत्र लिहा.